डोळ्यांखालचे कडक पांढरे दाणे आणि जाड आय क्रीम

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३४. डार्क सर्कल जावीत म्हणून गेल्या हिवाळ्यापासून रोज रात्री एक जाड आय क्रीम लावते. आता दोन्ही डोळ्यांखाली खसखशीपेक्षा थोडे मोठे, कडक पांढरे दाणे आलेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण दाबून फुटतही नाहीत. मैत्रीण म्हणते, क्रीमची चरबी आत साठली आहे. क्रीम बंद केलं तर जातील का? की घरीच सुईने काढू?

उत्तर: आधी घरची सुई ठेवून द्या. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे मिलिया असावेत. त्यांच्या आत क्रीम नसतं, चरबी नसते आणि पूही नसतो. आत असतं केराटिन, म्हणजे ज्या प्रथिनापासून आपली नखं, केस आणि त्वचेचा सगळ्यात वरचा कोरडा थर बनतो तेच. त्वचेच्या पृष्ठभागाखाली अगदी लगेच एक इवलीशी बंद पिशवी तयार होते. पिशवीचं अस्तर त्वचेसारखंच असतं, त्यामुळे ते आपल्या सवयीप्रमाणे मृत पेशी सोडत राहतं. बाहेर या पेशी झडून पडतात, चेहरा धुताना निघून जातात. पिशवीतल्या पेशींना बाहेर जायला वाटच नसते. त्या थरावर थर बसत जातात आणि एक ते दोन मिलिमीटरची घट्ट गोळी बनते. तीच पातळ त्वचेतून पांढरी दिसते.

दाबून ती का फुटत नाही, हेही यातच आलं. मुरुमाला तोंड असतं. व्हाइटहेडलाही असतं, फक्त ते अरुंद आणि बुजलेलं असतं, त्यामुळे दाबल्यावर काहीतरी बाहेर येतं. मिलियाला तोंडच नसतं. कितीही दाबलं तरी दाब पिशवीवर न जाता आजूबाजूच्या त्वचेवर जातो. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, शरीरातली सगळ्यात पातळ. तिथे नखं लागली की सूज येते, रक्त साकळतं आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो डाग महिनोन्महिने राहतो. म्हणजे ज्या काळेपणासाठी क्रीम आणलं, तोच आपण नखांनी वाढवून बसतो.

आता क्रीमकडे येऊ. मैत्रिणीचं निदान चुकलं असलं तरी संशय अगदीच वाया गेलेला नाही.

प्रौढांमध्ये आपोआप येणारे मिलिया बहुतेक वेळा बारीक लव जिथून उगवते त्या नळीच्या वरच्या भागात सुरू होतात. त्या नळीच्या आतल्या बाजूनेही पेशी सतत सुटत असतात आणि त्या वर सरकून बाहेर पडायला हव्यात. त्वचेवर रात्रभर मेणासारखा जाड थर बसला की दोन गोष्टी होतात. खालचा ओलावा अडकल्याने वरच्या पेशी फुगून एकमेकींना चिकटून राहतात, आणि सुटलेल्या पेशीही त्या थराखालीच अडतात. गालावर, कपाळावर तेल, घाम, चेहरा धुणं यामुळे त्यांचा थोडाफार निचरा होतो. डोळ्यांजवळ आपण मुद्दाम हलक्या हाताने धुतो, कधी धुतच नाही. नळीचं तोंड एकदा बुजून वर त्वचा चढली की खाली पिशवी बंद झाली. त्यानंतर क्रीमचा काही संबंध उरत नाही, ती स्वतःच भरत राहते.

हे कारण पटण्यासारखं असलं तरी ते सिद्ध झालेलं आहे असं समजू नका. जाड क्रीम लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या माणसांचे मोठे गट करून मिलिया मोजलेत, अशा अभ्यासावर हे उभं नाही. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या निरीक्षणांवर आणि त्वचेच्या रचनेवरून काढलेल्या अंदाजावर उभं आहे. शिवाय उलटे दाखलेही भरपूर आहेत. जन्मलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्या बाळांच्या नाकावर-गालावर असेच दाणे असतात आणि काही आठवड्यांत आपसूक जातात. त्यांनी कोणतं आय क्रीम लावलेलं असतं? आयुष्यात पावडरसुद्धा न लावलेले पुरुषही डोळ्यांखाली मिलिया घेऊन येतात. भाजल्यावर, फोड येऊन गेल्यावर, लेझर किंवा रसायनाने त्वचा सोलणाऱ्या खोल पीलनंतर त्याच जागी मिलिया येतात, कारण तिथे नळ्या दुखावलेल्या असतात. म्हणून मी रुग्णाला सांगतो की त्वचेचा कल आधीपासून असतो, जाड क्रीम त्याला हातभार लावतं.

‘जाड’ म्हणजे काय, हे मात्र नीट ठरवायला हवं. माझा रोख डबीत मिळणाऱ्या, बोटावर घेतल्यावर न ओघळणाऱ्या बामवर आहे. त्यात पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचं मेण, लॅनोलिन, शिया बटर किंवा कोको बटर यादीत सुरुवातीलाच असतं. घरगुती बदामतेल, खोबरेल तेल रात्रभर डोळ्यांखाली ठेवणं हेही मी त्यातच धरतो. ‘नैसर्गिक आहे’ या शब्दाचा नळीच्या तोंडाशी काही संबंध नाही. हल्ली चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी पेट्रोलियम जेलीचा जाड थर देऊन झोपायची पद्धत आली आहे. फुटलेल्या टाचांना ती उत्तम, डोळ्यांखाली मी ती थांबवायला सांगतो.

डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलंय, मग कसं काय, असं बरेच जण विचारतात. हा शब्द मुरुमांच्या गाठींबद्दल आहे आणि त्यामागच्या जुन्या चाचण्या सशाच्या कानावर केलेल्या होत्या. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बुजते. त्यामुळे काही घटक उगीच बदनाम झाले. पेट्रोलियम जेलीच बघा, मुरुमांच्या दृष्टीने ती बऱ्यापैकी निरुपद्रवी मानली जाते. पण मिलिया म्हणजे मुरूम नव्हे, आणि तो शिक्का पापणीखालच्या त्वचेवर रात्रभर काय होतं ते सांगत नाही. मी लेबलपेक्षा दुसरी खूण बघतो. रात्री लावलेलं क्रीम सकाळी बोटाला चिकट, चकचकीत लागत असेल, तर तुमच्या डोळ्यांखालच्या त्वचेसाठी ते जास्त आहे.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, ओळख पटणार नाही इतके बदल करून. बँकेत काम करणाऱ्या साधारण चाळिशीच्या एक बाई थंडी संपता संपता आल्या. उजव्या डोळ्याखाली सात दाणे, डाव्याखाली चार. परदेशातल्या बहिणीने पाठवलेला एक बाम त्या दिवाळीपासून रोज रात्री लावत होत्या. डोळ्यांच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी घरातल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या पिशवीत घालून आणायला सांगतो, कारण ‘काही विशेष लावत नाही’ या वाक्यात बरंच काही लपलेलं असतं. पिशवीतून बाम निघाला, काजळ काढायला वापरायचं खोबरेल तेल निघालं आणि तळाशी एक चपटी ट्यूब निघाली. मेडिकलवाल्याने ‘काळेपणासाठी चांगली आहे’ म्हणून दिलेली. तीत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे तिन्ही होते. बाई ती चार महिने अधूनमधून थेट डोळ्यांखाली लावत होत्या.

या ट्यूबपाशी थोडं थांबतो, कारण बामपेक्षा मला तिची जास्त काळजी वाटते. मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावर, त्यातही डोळ्यांजवळ, ते सतत लावल्याने त्वचा आणखी पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि अशा विरलेल्या त्वचेत मिलियाही येतात. त्यातला अंश डोळ्यात उतरत राहिला तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. तुमच्या ‘आय क्रीम’च्या घटकांत मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल, तर मिलियाचा विषय बाजूला ठेवून आधी त्याबद्दल डॉक्टरांना भेटा. पुष्कळ दिवस लावलेलं असेल तर ते एका रात्रीत सोडल्यावर चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा जळतो, आणि माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. म्हणून ते कसं सोडायचं हे तपासून ठरवावं लागतं. या बाईंना मी डोळ्यांचा दाब मोजून घ्यायला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. तो सुदैवाने ठीक निघाला.

मग दाणे डर्मोस्कोप नावाच्या भिंगाखाली पाहिले. अकरापैकी नऊ गोल, एकसारखे पांढरे, कडा स्पष्ट. ते मिलिया. उरलेले दोन त्वचेच्याच रंगाचे, जरा चपटे, कडा अस्पष्ट. ते कॉलेजात असल्यापासून आहेत असं बाईंनी विचारल्यावर सांगितलं. ते सिरिंगोमा होते, म्हणजे घामाच्या नळीच्या निरुपद्रवी गाठी. दोन्ही एकाच जागी, एकाच आकाराचे असल्याने आरशात फरक कळत नाही. सिरिंगोमावर सुई मारली तर आतून काहीच निघत नाही, नुसती जखम होते. घरच्या प्रयोगाला माझा विरोध आहे त्याचं हे एक मोठं कारण.

नऊ मिलिया एकाच बैठकीत काढले. कृती एवढीच असते: सुन्न करणारं क्रीम लावून अर्धा तास थांबतो, डोळ्यात जाऊ नये म्हणून ते जपून लावतो आणि नंतर पूर्ण पुसून घेतो. जागा निर्जंतुक करतो. उजेड आणि भिंग लागतंच. इंजेक्शनची बारीक निर्जंतुक सुई जवळजवळ आडवी धरून दाण्याच्या माथ्यावरची फक्त वरची पातळ कातडी उघडतो. सुई खाली घुसवायची नसते, वरचं छप्पर तेवढं उचकटायचं असतं. मग दोन्ही बाजूंनी हलका ताण दिला की मोत्यासारखी पांढरी गोळी अखंड बाहेर येते. ती अखंड आली की काम झालं. चुरा होऊन आली आणि पिशवीचा भाग आत राहिला, तर त्याच जागी पुन्हा भरू शकते. रक्त नावापुरतं येतं. दोन-तीन दिवस बारीक खपली राहते, ती ओढायची नाही. तेवढे दिवस काजळ, आय-लायनर बंद, आणि दिवसा ऊन टाळायचं, गॉगल वापरला तर उत्तम. मी शक्यतो लेझर किंवा कॉटरी वापरत नाही. डोळ्यांखालच्या सावळ्या त्वचेवर उष्णतेने डाग पडायची जोखीम कशाला घ्यायची? सुईने जे दोन मिनिटांत होतं त्याला यंत्राची गरज नसते, मात्र यंत्राचं बिल मोठं होतं.

दोन सिरिंगोमांना हात लावला नाही. बाम आणि खोबरेल दोन्ही बंद केले, ट्यूब टप्प्याटप्प्याने सोडवली. तीन महिन्यांनी दोन नवे बारीक दाणे होते. हे अपेक्षितच होतं. क्रीम थांबवायच्या आधी ज्या पिशव्या बंद झाल्या, त्या दिसण्याइतक्या भरायला आठवडे, कधी महिने लागतात. याच कारणाने क्रीम आणि दाणे यांचा संबंध पटकन लक्षात येत नाही, आणि क्रीम थांबवलं तरी ‘काही उपयोग नाही’ असं वाटून लोक पुन्हा सुरू करतात. त्यातला एक दाणा पुढे आपोआप गेला, एक काढला. मग उन्हाळा, पावसाळा स्वच्छ गेला.

पुढच्या थंडीत त्वचा ओढल्यासारखी वाटू लागली म्हणून बाईंनी उरलेला बाम पुन्हा काढला. सुमारे दोन महिन्यांनी तीन नवे दाणे घेऊन त्या आल्या, जरा ओशाळत. या खेपेला स्टिरॉइडची ट्यूब घरात नव्हती, तेल नव्हतं, फक्त बाम होता. एका व्यक्तीवरून नियम होत नाही, पण त्यांच्यापुरतं उत्तर मिळालं होतं. बाम मग पायांच्या टाचांना लागला, आणि तिथे त्याची तक्रार नाही.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर आता देता येईल. क्रीम थांबवल्याने नवे दाणे येणं बहुधा थांबेल किंवा कमी होईल. आत्ताचे मात्र त्याने विरघळणार नाहीत. प्रौढांतले काही दाणे महिन्यांनी आपसूक जातात, बरेच दाणे वर्षानुवर्षं तसेच बसून राहतात. ते निरुपद्रवी आहेत, कर्करोगात बदलत नाहीत, तेव्हा दिसण्याचा त्रास नसेल तर न काढणं हाही योग्य पर्याय आहे.

लावायचं औषध विचाराल, तर अॅडापलीन ०.१ टक्के. हे पेशी सुटून पडण्याची गती सुधारतं, त्यामुळे वारंवार येणाऱ्यांना आम्ही ते देतो. पण त्याला धीर लागतो, किमान दोन-तीन महिने. आणि ते पापणीवर लावायचं नाही. डोळ्याखाली बोटाने चाचपलं की खोबणीचं हाड लागतं, त्या हाडाच्या खाली, आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या त्वचेवर अगदी पातळ थर, आणि जळजळ झाली तर बंद. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ते वापरू नका. हाडाच्या वरच्या, पापणीजवळच्या दाण्यांसाठी क्रीमपेक्षा सुईच सुरक्षित, फक्त ती धरणारा हात शिकलेला हवा. टूथपेस्ट, लिंबू, खरखरीत स्क्रब यांनी पिशवी उघडत नाही, त्वचा तेवढी सोलते.

आता रात्री काय लावायचं? काजळ किंवा मेकअप तेलाने काढत असाल तर काढा, पण नंतर सौम्य फेसवॉशने ते तेल धुवायलाच हवं. बहुतेक घरांत हीच पायरी राहून जाते. मग जेल किंवा पातळ लोशन, ज्यात ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक अॅसिड असेल असं. प्रमाण म्हणाल तर दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या एका दाण्याएवढं. लोक त्याच्या तिप्पट-चौपट लावताना मी पाहतो. तेही पापणीच्या कडेला नाही, हाडावर थोपटायचं. त्वचेच्या उबेने ते पातळ होऊन पहाटेपर्यंत आपसूक वर सरकतं. नागपूर-नाशिककडच्या कोरड्या थंडीत एवढं पुरत नसेल तर चेहऱ्याचं नेहमीचं मॉइश्चरायझर तिथे पातळ लावा. मुंबई-कोकणात त्याचीही गरज क्वचित पडते. वेगळ्या आय क्रीमने डार्क सर्कल जातात, यावर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. त्यातली बरीच खोल डोळ्यांची सावली असते, काही घराण्यातून आलेली, काही चोळण्याने वाढलेली. त्यांचं कारण आधी बघावं लागतं.

दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांकडून एवढी खात्री करून घ्या की हे मिलियाच आहेत. नाकाच्या बाजूला, वरच्या पापणीवर पिवळसर, मऊ, चपटा पट्टा असेल तर तो झँथेलाझ्मा. त्यासाठी रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासावं लागतं, आणि ते बऱ्याच जणांत नॉर्मलही निघतं. चकाकणाऱ्या दाण्याच्या मधोमध खळगा असेल, घरात लहान मुलांनाही तसेच असतील, तर तो मोलस्कम नावाचा विषाणू, आणि सुईने तो पसरतो. एकच दाणा हळूहळू वाढतोय, त्यावरून रक्त येतंय, खपली धरून पुन्हा फुटतेय, किंवा तिथल्या पापणीचे केस गळताहेत, तर कोणीही सांगितलं तरी तो ‘मिलियाच असेल’ म्हणून थांबू नका, लगेच दाखवा. पापणीच्या अगदी कडेवर, केसांच्या रांगेतच दाणा असेल तर तो मीही काढत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ, त्यांच्याकडे त्या जागेसाठीचा सूक्ष्मदर्शक असतो.